चौथा थर बसेना

मला पत्रकं लिहिता येतात. फुशारकी म्हणून नाही सांगत. पुढं जो घोळ झाला तो त्यातूनच झाला, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझे वडील सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागावर. त्यांच्याच कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बायकांना संडास नव्हता. पाळी असो, पोटात कळ असो, बायांनी समोरच्या पडीक प्लॉटात जायचं. अकरावीत असताना त्यावर मी पहिलं पत्रक लिहिलं. युनियनमधल्या एका म्हाताऱ्या कार्यकर्त्यांनी ते लाल पेनानं अर्ध्यावर आणलं आणि मला तीन नियम शिकवले. एक पान. एक मागणी. आणि ‘कदाचित’ हा शब्द कुठंच नाही. “कदाचित म्हणणाऱ्याच्या मागं कोण येतं गं?” असं ते विचारायचे. खरंच कोण येतं? कुणीच नाही. चार महिन्यांनी संडास झाला आणि मला वाटलं, जग असंच चालतं.

पुढं मी पुरातत्त्व घेऊन एम.ए.ला बसले. नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. मी म्हणायचे, राजांचा इतिहास सगळे लिहितात, मडकी घडवणाऱ्यांचा आणि त्या मडक्यांत शिजवणाऱ्यांचा कोण लिहिणार? हेसुद्धा पत्रकाचंच वाक्य. पण ते खरं होतं, अजूनही आहे.

दुसऱ्या वर्षी आमच्या विभागाचं उत्खनन जेऊरच्या पुढच्या एका गावात होतं. गावाबाहेर जुन्या गावठाणात एक टेकाड आहे. आपल्याकडं अशा टेकाडाला पांढर म्हणतात. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यावर नवी उठली, राख, शेण, माती साठत गेली आणि राखाडी-पांढऱ्या भुसभुशीत मातीचं टेकाड झालं. ही माती माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट धाब्यावर, टाकतात, शेतात टाकली तर पीक जोमात येतं. म्हणून गावातले ट्रॅक्टर पांढर उचलत होते. पूर्वेची बाजू तर खरवस कापावा तशी कापून नेलेली. त्या कापलेल्या कडेतून खापरं लोंबत होती, आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली त्यांचा चुरा होत होता. माझं डोकंच फिरलं.

आमच्या ट्रेंचमध्ये, म्हणजे आखून खोदलेल्या चौकोनी खड्ड्यात, चौथ्या थराला भिंतीचा पाया लागला. पाच दगड, मग सात. त्याच थरात काळी-तांबडी खापरं येत होती, म्हणजे आतून काळी, बाहेरून तांबडी, एकाच मडक्याला दोन रंग. ती आपल्याकडं फार जुनी, दोन हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची. मी त्याच दुपारी शाळेच्या ओट्यावर बसून पत्रक लिहिलं. ‘ही भिंत दोन हजार वर्षांची आहे. आपल्या पूर्वजांचं घर आपणच ट्रॅक्टरनं नेणार का? माती उचलणं थांबवा.’ एक पान, एक मागणी. जेऊरला जाऊन प्रती काढून आणल्या, घरोघर वाटल्या. उत्खनन चालवणाऱ्या आमच्या मॅडमना दाखवलंसुद्धा नाही. ग्रामसभा बसली, मी तिथं ओरडून बोलले, आणि ठरलं: पोरीच्या कागदात म्हणतात तेवढं जुनं असेल तर माती उचलायची नाही. विद्यापीठाचा तपास होईपर्यंत सगळं बंद.

सगळ्यात मोठा ट्रॅक्टर ज्यांचा, त्यांना गाव आप्पा म्हणतं. सभा उठल्यावर ते माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही.

“पोरी, तुज्या कागदावर म्या ट्रॅक्टर उभा केलाय. कागद खोटा निगाला तर?”

“निघणार नाही, आप्पा.”

“बगू की.”

ते ‘बगू की’ पुढचे तीन आठवडे माझ्या कानात राहिलं.

गावातलं खोदकाम संपवून खापरांची पोती आम्ही सोलापूरला विभागात आणली. ट्रेंच मात्र उघडाच होता. ट्रेंचच्या बाजूंची रेखाटनं राहिली होती, आणि तो शनिवारी बुजवायचा होता. खापरं धुऊन, वाळवून, प्रत्येकाच्या आतल्या बाजूला काळ्या शाईनं बारीक अक्षरात ट्रेंच, थर आणि ट्रेंचचा कोपरा लिहायचा. हे काम इतकं कंटाळवाणं असतं की त्यावर कुणी कधी पत्रक लिहिणार नाही. मागच्या अंगणात चुन्यानं चौकोन आखलेले. एकेका थराचा एकेक चौकोन, त्यात त्या थराची सगळी खापरं. याला आमच्यात पॉटरी यार्ड म्हणतात.

मॅडमनी कोर्सवर्क म्हणून मला आणि माझ्या जोडीदारणीला दिलं होतं ते असं. मोठ्या ट्रेंचचे पाच थर. टेकाडाच्या उतारावर एक छोटा ट्रेंच, त्याचे तीन थर. दोन्हींच्या मध्ये ट्रॅक्टरनं नेलेली मोकळी जागा, म्हणजे इथला कुठला थर तिथल्या कुठल्या थराच्या काळातला, हे माती बघून सांगता येत नाही. ते खापरांवरून सांगायचं.

त्यामागचा विचार साधा आहे. कुठलीही भांडी एकदम येत नाहीत आणि एकदम जात नाहीत. आधी एखाद्या घरी येतात, मग घरोघरी दिसतात, मग हळूहळू हटतात. पितळेची जाऊन स्टीलची कशी आली, तसंच. म्हणून प्रत्येक थरातली खापरं प्रकारवार मोजायची, शंभरात किती ते काढायचं, आणि आलेखाच्या कागदाच्या पट्टीवर प्रत्येक प्रकाराची जाडी काढायची. एका थराची एक पट्टी. मग पट्ट्या टेबलावर वर-खाली सरकवायच्या. क्रम बरोबर लागला की प्रत्येक प्रकार खालून निमुळता सुरू होतो, मध्ये फुगतो, वर पुन्हा निमुळता होतो. वरून पाहिलेल्या होडीसारखा. यातून किती वर्षं झाली ते कळत नाही. आधी कोण आणि नंतर कोण, एवढंच कळतं. वर्षं सांगायला नाणं लागतं, किंवा दुसरीकडं काळ ठरलेलं खापर.

माझी जोडीदारीण अक्कलकोटची, घरी कन्नड बोलणारी, हात शांत. तिनं पट्ट्या कापल्या. थर मातीत वरून खाली मोजतात: पहिला सगळ्यात वरचा आणि नवा, पाचवा तळाचा. पाचवा थर तळाला मस्त बसला, नुसती काळी-तांबडी आणि तांबड्या लेपाची. तिसऱ्यात काळी-तांबडी कमी, आणि अभ्रकाचा चुरा चमकणारी काळी भांडी नुकती सुरू झालेली. ती मध्ययुगाकडची. दुसऱ्यात अभ्रकी भरपूर. उतारावरच्या तिन्ही पट्ट्यासुद्धा जागा धरून बसल्या.

चौथा बसेना.

तिसऱ्याखाली ठेवला की अभ्रकीची होडी मध्येच फुटायची. खाली जाड, वर बारीक, पुन्हा जाड. तिनं ती पट्टी उचलली आणि दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये ठेवली. सगळ्या होड्या एकदम गुळगुळीत झाल्या.

“अय्यो,” ती म्हणाली. “चौथा तिसऱ्यापेक्षा नवा आहे.”

“खालचा थर वरच्यापेक्षा नवा कसा असेल?”

“मला काय विचारतेस? तुझा थर आहे. तूच खोदलास.”

मीच खोदला होता. भिंत त्यातच होती. चौथा थर जर मध्ययुगातला, तर भिंत मध्ययुगातली, तर पत्रक खोटं, तर ट्रॅक्टर चालू. हा हिशोब माझ्या डोक्यात एका क्षणात पार पडला. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात मी चौथ्या थराच्या चौकोनात जाऊन बसले. तिथं दोन हिरवट-निळी झिलईची खापरं होती, अंगठ्याच्या नखाएवढी. झिलई म्हणजे तर आणखी उशिराची गोष्ट. अभ्रकी खापरं पसाभर होती, ती लपवता आली नसती. ही दोन आली असती.

मी ती जीन्सच्या खिशात टाकली.

कारखान्यातल्या बाया आठवा म्हणून गेटवर ओरडणारी मी. हजेरीच्या वहीत खाडाखोड करणाऱ्या मुकादमाला भर रस्त्यात चोर म्हणणारी मी. खिशात दोन खापरं घालून बसनं घरी आले, आणि वाटेत प्रत्येक माणूस माझ्या खिशाकडं बघतोय असं वाटत होतं.

सकाळी उठले तर जीन्स दोरीवर. ओली.

“आई, खिशातलं?”

“कसलं? ते बरणीचे तुकडे व्हय? टाकले की. हाताला लागलं असतं माझ्या.”

“कुठं टाकले?”

“कचरा कुठं टाकतात?”

घंटागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी वाजत होतं. मी अनवाणी धावले, बादली रस्त्यावरच उपडी केली. चहाचा चोथा, कांद्याची सालं, वडिलांच्या कपड्यांतून निघालेला सुताचा पुंजका. शेजारची काकू दारात उभी राहून म्हणाली, “अगं, एम.ए. करतीस ना तू?” दोन्ही तुकडे सापडले. एकावरची शाई आईच्या साबणानं अर्धी गेली होती. उरली होती ती अक्षरं वाचता येत होती: थर चार, नैर्ऋत्य कोपरा.

मला वाटलं होतं, सापडले की भीती जाईल. ती वाढली. कारण आता ते परत ठेवायचे की नाही, हे मलाच ठरवायचं होतं.

यार्डात पोचले तेव्हा मॅडम माझ्या आधी येऊन चौथ्या चौकोनापाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची एक सवय आहे: पट्ट्यांवर विश्वास ठेवायच्या आधी त्या चौकोनातली खापरं स्वतः वहीशी ताडून मोजतात.

“दोन कमी आहेत,” त्या वर न बघता म्हणाल्या.

मी मूठ उघडली. त्यांनी तुकडे घेतले, उलटे करून शाई वाचली आणि चौकोनात ठेवले. मला वाटत होतं की त्या ओरडाव्यात. ओरडलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

“धुतलेस का पुन्हा?” एवढंच.

“आईनं. जीन्सबरोबर.”

“बरं. बस. या चौकोनातली सगळी अभ्रकी उचल आणि आतलं लिहिलेलं वाच मला.”

मी वाचत गेले. नैर्ऋत्य. नैर्ऋत्य. नैर्ऋत्य. जोडीदारीण येऊन शेजारी बसली आणि तीही वाचायला लागली. चौथ्या थरातली जवळजवळ सगळी अभ्रकी खापरं एकाच कोपऱ्यातली होती. बाकीच्या तीन कोपऱ्यांत काळी-तांबडी आणि तांबड्या लेपाची, जशी असायला हवी तशी.

मी एकदम उभी राहिले. “मग झालं की! नैर्ऋत्य कोपरा वगळू. उरलेल्यांची पट्टी काढू, ती तिसऱ्याखाली बसेल.”

“बसेल,” मॅडम म्हणाल्या. “आणि त्याचा अर्थ काय होईल?”

“चौथा थर जुना.”

“नाही. त्याचा अर्थ, तुला नको होती ती खापरं तू काढलीस आणि मग उरलेली तुझ्या मनासारखी बसली. काल खिशात घालून केलंस तेच आज वहीत लिहून करशील. कोपरा वगळायचा तर त्याचं कारण मातीत दाखव. तिथं खड्डा असेल तर खड्ड्याची कड दाखव.”

“ट्रेंच उद्या बुजवणार आहेत.”

“उद्या शनिवार. आज शुक्रवार आहे,” त्या म्हणाल्या. “सकाळची गाडी मिळेल.”

जेऊरला उतरून गावात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. आम्ही तिघी ट्रेंचवर. खाली उतरून नैर्ऋत्य कोपऱ्यातली ट्रेंचची मातीची उभी बाजू खुरप्यानं तासली. मातीच्या उभ्या कापात थर दिसतात, चपात्यांची चवड कापावी तसे. पण भर उन्हात पांढरीची माती सगळी एकच, राखाडी. राखेच्या थरात राखेनंच भरलेला खड्डा. मला काही दिसत नव्हतं. मी घाबरून पुन्हा पुन्हा तासत होते, आणि मॅडम म्हणाल्या, “बस कर, आहे ती बाजूसुद्धा पाडशील.”

ट्रेंचच्या काठावर मावशी येऊन बसल्या. महिनाभर माझ्याबरोबर त्याच कोपऱ्यात खुरपं धरलेल्या गावातल्या मजूर बाई. पन्नाशीच्या, तोंडात मिश्री.

“काय हुडकताय?”

“खड्डा, मावशी. जुना खड्डा, कुणीतरी नंतर खणलेला.”

“त्यो व्हय.” त्यांनी बोटानं दाखवलं. “त्या भितीच्या कडंला. तितली माती लई भुसभुशीत लागत व्हती. खुरपं आपसूक जायाचं. म्या म्हनलं की तुमाला तवा.”

“मला?”

“तुमालाच. म्हनलं, बाई, हितली माती येगळी हाय. तुमी म्हनला, मावशी, हात चालवा, आज थर संपवायचाय. मंग म्या हात चालवला.”

मला आठवलं. पूर्ण आठवलं. त्या दिवशी पत्रकाचं पहिलं वाक्य डोक्यात घोळत होतं आणि भिंतीचा आठवा दगड कधी लागतो याची मला घाई होती. ज्या बाईला तीस वर्षं मातीत हात घालून जे कळतं, ते तिनं मला सांगितलं, आणि मी मुकादमासारखी बोलले. मुकादमासारखीच. दुसरा शब्द नाही. खड्ड्यातली खापरं आणि थरातली खापरं एकाच पिशवीत गेली, आणि पिशवीवर माझ्याच अक्षरात ‘थर चार’.

जोडीदारीण माझ्याकडं बघत होती. मी मान वळवली.

“माती भिजवल्याशिवाय कड दिसायची नाही,” मॅडम म्हणाल्या. “बादलीनं ओतलं तर सगळं ओघळेल. बारीक फवारा पाहिजे.”

“फवारनीचा पंप हाय की,” मावशी म्हणाल्या. “आप्पाकडं.”

दुसऱ्या कुणाकडं नाही का, असं मी विचारलं. मावशी म्हणाल्या, “हाय, पर त्यात औषदाचा वास हाय. आप्पाचा नवा हाय.” आणि त्या गेल्यासुद्धा.

आप्पा पंप पाठीवर अडकवूनच आले. स्वतः. ट्रेंचच्या काठावर उभे राहिले. “कुटं मारायचं?”

मला वाटत होतं, यांना इथून घालवावं. यांच्यासमोर नको. मॅडमनी जागा दाखवली. आप्पा खाली उतरले, नळी धरली, दांडा हलवला. कपाशीवर मारतात तसा सावकाश, वरून खाली. माती गडद होत गेली, आणि ओल्या मातीत रंग वेगळे झाले. तिसरा थर पिवळसर. चौथा करडा. त्या दोन्हींना कापत दुसऱ्या थराच्या तळापासून एक काळपट कड खाली उतरत होती, आणि भिंतीच्या दगडाला चिकटून थांबत होती.

पंपाची हवा सुटल्याचा आवाज तेवढा.

“हितं कुनीतरी खड्डा घेतलाय की,” आप्पा म्हणाले. “वरनं.”

मला आनंद व्हायला हवा होता. कड सापडली होती. नैर्ऋत्य कोपरा वगळायला कारण मिळालं होतं. पण मॅडम भिंतीच्या दगडापाशी वाकून बघत होत्या, आणि त्या काय विचारणार हे मला त्यांनी विचारायच्या आधीच कळलं.

“ही कड भिंतीला चिकटून का उतरते?” त्या म्हणाल्या. “दोन शक्यता. भिंत आधीच होती, आणि नंतर कुणीतरी तिच्या शेजारी खड्डा खणला. किंवा भिंत बांधायलाच हा चर खणला, त्यात दगड रचले, आणि उरलेली जागा राखेनं भरली. पहिली असेल तर भिंत चौथ्या थराइतकी जुनी असू शकते. दुसरी असेल तर भिंत मध्ययुगातली.”

“भिंतीच्या दुसऱ्या बाजूला तिसरा थर दगडाला टेकून होता की मध्ये फट होती?” जोडीदारणीनं विचारलं. “टेकून असेल तर भिंत आधीची.”

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. दुसरी बाजू मीच खोदून काढली होती. ती माती आता कुठंच नव्हती. मी पिशवीतून खोदकामाची वही काढली. पानं चिकटत होती. त्या दिवसाच्या पानावर भिंतीचं सुंदर चित्र होतं, दगड न् दगड. थर आणि दगड भेटतात तिथं मी पट्टीनं एक सरळ रेघ ओढली होती. टेकलेला की फट, यातलं काहीच नाही. सरळ रेघ. फोटोत त्या जागेवर मावशींची सावली.

उत्खननात पान एकदाच वाचता येतं, कारण वाचताना ते फाटतं. हे पहिल्या वर्षीच शिकवतात. परीक्षेत मी ते लिहून मार्कसुद्धा घेतले होते.

“म्हंजे भित जुनी का नवी?” आप्पांनी विचारलं.

मला कळलं, मॅडम माझ्या उत्तरासाठी थांबल्या आहेत. ‘जुनीच आहे, आप्पा’ एवढं म्हणायला मला अर्धा श्वास पुरला असता. त्यांना तपासता आलं नसतं. कुणालाच आलं नसतं.

“माहीत नाही,” मी म्हणाले. “माझ्या चुकीनं माहीत नाही.”

आप्पांनी पंप काठावर ठेवला. “उद्या सबा बशिवतो, तितं सांग हे,” म्हणाले आणि चढून गेले.

मॅडमनी मग पश्चिमेच्या काठाकडं हात केला. भिंत त्या बाजूला न खोदलेल्या मातीत आत गेली होती. “या प्रश्नाचं उत्तर तिथं शिल्लक आहे. पुढच्या हिवाळ्यात तेवढी जागा नीट उघडली, तर थर भिंतीला कसा भेटतो ते दिसेल. ती माती तोवर जागेवर राहिली तर.”

म्हणजे मला उद्या सभेत जाऊन म्हणायचं होतं: माझा कागद खोटा असू शकतो, आणि तरीही तुम्ही थांबा. असं पत्रक जगात कुणी लिहिलेलं नाही. रात्री आम्ही तिघी गावातल्या शाळेतच राहिलो.

सभा मंदिरापुढच्या पटांगणात. मी उभी राहिले. मंदिराच्या खांबाला टेकले. पहिलं वाक्य तयार केलं होतं ते विसरले.

“पत्रकात मी लिहिलं, भिंत दोन हजार वर्षांची. ते मला माहीत नव्हतं. मी तरी लिहिलं.”

मागून कुणीतरी म्हणालं, “मंग छापलं कशाला?”

“मला घाई होती.”

हशा झाला. वाईट हशा. मी तो संपेपर्यंत थांबले. मग खापरांचं सांगितलं. टेकाडाच्या तळाला जुनी वस्ती आहे हे पक्कं, कारण पाचव्या थरात एकही नवं खापर नाही. भिंतीचं मात्र सांगता येत नाही, आणि ते कळण्याची एकच जागा उरली आहे, ट्रेंचच्या पश्चिमेला. मावशींनी मला मातीबद्दल सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही, हेही सांगितलं. मावशी बायकांत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर घेतला. बरं वाटलं की लाज वाटली, मला कळलं नाही.

आप्पा उठले. “म्हंजे तुला ठाव न्हाय, आन् आमी थांबायचं?”

“हो.”

“समदी पांढर?”

सगळी म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. सगळीच ठेवायला हवी, मला अजूनही तसंच वाटतं, आणि माती विकून टेकाडं संपवणाऱ्यांचा मला अजूनही तितकाच राग आहे. पण पत्रकानं मिळवलेलं पत्रकाबरोबर गेलं होतं. माझ्या शब्दाला त्या पटांगणात आता वजन नव्हतं, आणि ते मी स्वतः घालवलं होतं.

“कमीत कमी पश्चिमेची बाजू,” मी म्हणाले.

अर्धा तास वाद चालला. कुणी म्हणालं सगळंच उचला, कुणी म्हणालं पोर खरं तरी बोलली. शेवटी ठरलं ते असं: ट्रेंचच्या पश्चिमेला सहा पावलं माती पुढच्या हिवाळ्यापर्यंत कुणी हलवायची नाही. बाकीची मोकळी. उतारावरचा छोटा ट्रेंच त्या बाकीत गेला.

दुपारी ट्रेंचच्या तळाला प्लास्टिकचा कागद अंथरला, म्हणजे पुढच्या वेळी खोदणाऱ्याला कळावं की आपण कुठवर आलो होतो, आणि त्यावर माती लोटली. मग आप्पा पावलं मोजायला आले. एक, दोन. जपून, पाय पायाला लावल्यासारखे.

“आप्पा,” मावशी ओरडल्या, “जेवाया घरला जाताना बी एवडंच पाऊल टाकताय व्हय?”

लोक हसले. आप्पाही हसले, आणि मागं येऊन पहिल्यापासून मोजायला लागले, या वेळी ढेंगा टाकत. सहाव्या पावलाला त्यांनी स्वतः बाभळीची खुंटी ठोकली. मी तिला हात लावून पाहिला. पक्की होती.

भिंत त्या बाजूला किती लांब गेली आहे, कुणाला माहीत नाही. चार पावलं असेल. दहा असेल. प्रबंधात मी भिंतीच्या काळापुढं ‘अनिश्चित’ लिहिलं, नैर्ऋत्य कोपऱ्याची खापरं वेगळ्या तक्त्यात टाकली, आणि वगळण्याचं कारण लिहिताना मावशींचं म्हणणं आणि त्यावरचं माझं उत्तर, दोन्ही लिहिलं. जोडीदारणीनं पुन्हा पट्टी काढली. चौथा थर तिसऱ्याखाली बसला. बघून मला काहीच वाटलं नाही.

आता मावशींना दर रविवारी फोन करते. त्या उचलेपर्यंत मी रिंगा मोजते. कधी त्या रानात असतात, उचलत नाहीत, आणि मग संध्याकाळपर्यंत मला फक्त ट्रॅक्टर ऐकू येतात, सोलापुरात, आमच्या गल्लीत, जिथं एकही ट्रॅक्टर नाही. उचलला की मी आधी तब्येत विचारते, मग पाऊसपाणी. त्यांना कळतं. त्या स्वतःच म्हणतात, “हाय बाई, खुटी जाग्यावर हाय. आज तरी हाय.”